लाजरी बी

बालमित्रांनो, या महिन्याची गोष्ट आम्ही तुमच्यासाठी वाशिम जिल्ह्यातल्या केनवडहून आणली आहे. अम्मी-अब्बूंनी ती वाचून दाखवावी.

केनवडला एका घरामागे मोठी परसबाग होती. पाऊस पडला, माती हाताला ओलसर पण मोकळी लागू लागली, तेव्हा दादीने लाल भोपळ्याच्या तीन बिया बोटाच्या एका पेराएवढ्या खोल पेरल्या.

त्यातली एक बी फार लाजरी. ती म्हणाली, "वर शेवगा केवढा उंच! सीताफळाला केवढी पाने! मी नाही जायची तिथे."

शेजारून गांडूळ चालले होते. ते म्हणाले, "मग वर जाऊ नकोस. नुसते पाणी पी."

बी पाणी प्यायली. टम्म फुगली. तिच्या निमुळत्या टोकातून पांढरे मूळ निघाले आणि सरळ खाली गेले.

"बघ, मी वर गेलेच नाही!" बी म्हणाली.

गांडूळ हसले. "सगळ्या बिया आधी खालीच जातात. पाय रोवल्याशिवाय कोण उभे राहील?"

मग बीचा देठ वाढू लागला. पण भीतीने तिने मान खाली घातली.

"लाजू नकोस" असे गांडूळ म्हणाले नाही. ते म्हणाले, "अशीच वाकून चल. मान ताठ केलीस तर कोवळी पाने मातीला घासून फाटतील. वाकलेली मान माती बाजूला करील, पाने मागून येतील."

सहाव्या दिवशी मातीला भेग पडली. आधी वाकलेली मान दिसली. तिला उजेड लागला आणि ती हळूहळू सरळ झाली. दोन जाड हिरवी पाने उघडली. शेवगा हसला नाही, सीताफळही हसले नाही.

शेजारच्या बीवरची माती मात्र पावसाने वाहून गेली होती. ती टरफलाची टोपी डोक्यावर घेऊनच उभी राहिली. दादीची नात टोपी ओढायला धावली.

"थांब बेटा, पाने तुटतील," दादी म्हणाली. तिने टोपीवर पाण्याचे थेंब सोडले. टरफल मऊ झाले आणि दुसऱ्या दिवशी पानांनी ते आपणच ढकलून दिले.

मुलांनो, हे तुम्हीही पाहू शकता. काचेच्या ग्लासात ओले कापड पिळून ठेवा. काच आणि कापड यांच्यामध्ये भोपळ्याची कच्ची बी सरकवा. भाजलेली बी उगवत नाही. कापड ओलसर असू द्या, पण तळाशी पाणी साचू देऊ नका. पाण्यात बुडालेल्या बीला हवा मिळत नाही. ती बुळबुळीत झाली, वास आला, तर कुजली असे समजा आणि दुसरी लावा.

आधी काय निघाले, मूळ की पान? आम्हाला जरूर कळवा.