नकाशा भिंतीवरून जमिनीवर यावा

माध्यमिक शाळांतून नकाशावाचन शिकविले जाते ते तीन तुकड्यांत. एका तासाला दिशा, दुसऱ्या तासाला प्रमाण, पुढे केव्हातरी सांकेतिक चिन्हे. प्रत्येक तुकड्याची व्याख्या पाठ होते, गुणही मिळतात. परंतु त्याच विद्यार्थ्याच्या हाती आपल्या गावाचा नकाशा दिला, तर तो कोणत्या बाजूने धरावयाचा येथूनच अडचण सुरू होते. उद्या हाच मुलगा शेताच्या बांधासाठी किंवा पाणंदीच्या वादात तलाठ्याकडील गाव नकाशासमोर उभा राहणार आहे. तेथे व्याख्या उपयोगी पडत नाही. दिशा, प्रमाण आणि चिन्हे या तीन गोष्टी नव्हेत, एकाच क्रियेची ती तीन अंगे होत, आणि ती एकाच जोडतासात, एकाच नकाशावर शिकविली पाहिजेत.

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातले अणदूर हे गाव यासाठी उदाहरण म्हणून घेता येईल. सोलापूर-हैदराबाद महामार्ग या गावावरून जातो, पूर्वेच्या अंगाला बोरी नदीकाठचा नळदुर्ग किल्ला आहे, आणि खंडोबाची एकच मूर्ती अणदूर व नळदुर्ग या दोन ठिकाणी आळीपाळीने वास्तव्य करते. देवाच्या त्या वाटेची माहिती नसलेले मूल या गावात सापडणे कठीण. ओळखीची वाट नकाशावर शोधणे हाच वाचनाचा खरा आरंभ होय.

जोडतास सत्तर मिनिटांचा धरला, तर पहिली पंधरा मिनिटे दिशेला द्यावीत, आणि ती मैदानावर. भिंतीवर टांगलेल्या नकाशाने एक खोल गैरसमज रुजविला आहे. उत्तर म्हणजे ‘वर’, म्हणजे जणू आकाशाकडे, असे मुलांना वाटू लागते. नकाशा जमिनीवर अंथरला की हा भ्रम फिटतो. मात्र उत्तर कोणती हे ठरविताना पुस्तकी नियम फसवे ठरतात. उगवत्या सूर्याकडे तोंड केले म्हणजे समोर पूर्व, हे मार्च व सप्टेंबरातील विषुवदिनांच्या सुमारासच खरे असते. अणदूरच्या अक्षांशावर जूनच्या किंवा डिसेंबरच्या उत्तरार्धात सूर्य पूर्वबिंदूपासून सुमारे पंचवीस अंश बाजूला उगवतो. भर दुपारची सावली उत्तरेकडे पडते, हेही येथे बाराही महिने खरे नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य अणदूरच्या उत्तरेस असतो, म्हणून शाळा उघडल्यावरच्या पहिल्या दीड महिन्यात ती सावली दक्षिणेकडे पडते. २१ जूनला एक मीटर काठीची सावली जेमतेम दहा सेंटिमीटर, तीही दक्षिणेला. शिवाय घड्याळातील बारा म्हणजे अणदूरची माध्यान्ह नव्हे. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून गाव सहा अंशांहून अधिक पश्चिमेस असल्याने माध्यान्ह सरासरीने बारा वाजून पंचवीस मिनिटांनी होते.

यावर उपाय सोपा आहे. शिक्षकाने सप्टेंबरनंतरच्या एखाद्या निरभ्र दिवशी मैदानात काठी उभी करावी, सकाळी साडेदहाच्या सुमारास सावलीच्या टोकावर खूण करून तेवढ्याच त्रिज्येचे वर्तुळ काठीभोवती काढावे, आणि दुपारनंतर सावलीचे टोक पुन्हा वर्तुळाला टेकेल तेथे दुसरी खूण करावी. दोन खुणा जोडणाऱ्या रेषेचा मध्य काठीच्या बुंध्याशी जोडला की उत्तर-दक्षिण रेषा मिळते. ती एकदाच चुन्याने वा दगड पुरून कायम करावी, कारण हे काम जोडतासात बसणारे नाही. होकायंत्र वापरले तरी चालेल. आपल्याकडे चुंबकीय उत्तर व खरी उत्तर यांत शाळेच्या कामापुरता फरक जवळजवळ नाही. मात्र लोखंडी ध्वजस्तंभाजवळ सुई भरकटते, याचे भान हवे.

पुढची पंचवीस मिनिटे प्रमाणाची. वीस मीटरची फीत अंथरून प्रत्येकाने आपली पावले मोजावीत. समजा, एका मुलीची बत्तीस पावले झाली, म्हणजे एक पाऊल साडेबासष्ट सेंटिमीटरांचे. तिने मैदान चालून लांबी शहाण्णव व रुंदी चौसष्ट पावले मोजली, तर मैदान साठ मीटर बाय चाळीस मीटर झाले. १:५०० या प्रमाणावर ते वहीच्या पानावर बारा सेंटिमीटर बाय आठ सेंटिमीटर उतरते, आणि त्यात विहीर, झाड, फाटक, सारे दाखविता येते. आता खरा प्रश्न विचारावा. हेच मैदान १:५०,००० च्या नकाशावर केवढे दिसेल? उत्तर येते, एक दशांश दोन मिलिमीटर बाय आठ दशांश मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीचा एक ठिपका. छेद मोठा असतो तेव्हा प्रमाण लहान का म्हणतात, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

चिन्हे का लागतात, याचेही उत्तर त्याच ठिपक्यात आहे. मैदानच ठिपक्याएवढे झाले, तर त्यातील विहीर काढणार कशी? म्हणून विहिरीचे चित्र जाऊन खूण येते, आणि ती प्रमाणात नसते. त्या नकाशावर रस्ता एक मिलिमीटर जाड दिसला, म्हणजे तो पन्नास मीटर रुंद आहे असे नव्हे. उरलेल्या वेळात भारतीय सर्वेक्षण खात्याचे १:५०,००० चे पत्रक मैदानावरील रेषेशी जुळवून अंथरावे. जुन्या क्रमांकपद्धतीत हा परिसर ‘५६ सी’ या विभागात येतो. नव्या मालिकेची पत्रके २०१७ पासून संकेतस्थळावरून विनामूल्य मिळू लागली. पत्रक नीट जुळले की नाही, याची कसोटी महामार्गच देतो. नकाशातील नळदुर्गची बाजू आणि प्रत्यक्ष नळदुर्गकडे जाणारा रस्ता एकाच अंगाला आले पाहिजेत.

येथे मराठवाड्यातील मूल हमखास अडखळते. घरामागचा ओढा ते निळ्या रेषेत शोधते आणि तो सापडत नाही. पारंपरिक पत्रकांत निळा रंग पाणी असलेल्या प्रवाहाचा, कोरडे पडणारे ओढे-नाले काळ्या रेषेत. आपल्या शिवारातील इतक्या रेषा काळ्या का, हा प्रश्न त्या मुलाने विचारला की चिन्हांचा पाठ संपून भूगोल सुरू होतो. शेवटी अणदूर ते नळदुर्ग वाटेवर वळणावळणाने दोरा ठेवून तो सरळ मोजावा. दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. आलेले उत्तर महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहावे. थोडे कमी येईल, कारण दोरा बारीक वळणे गिळतो. नकाशाची छायाप्रत लहानमोठी केली असेल, तर मात्र छापील अंकप्रमाण खोटे पडते. अशा वेळी कागदाबरोबरच आक्रसणारी वा वाढणारी रेषाप्रमाणाची पट्टीच वापरावी.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, मग मैदानावर जोडतास कोठून काढावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच गैरलागू नाही. साठ मुलांच्या वर्गाला एक पत्रक पुरत नाही, गटांसाठी चार-पाच प्रती लागतात, आणि समोच्चरेषांचा विषय या सत्तर मिनिटांत बसत नाही. तो निराळा घ्यावा लागेल. परंतु तीन सुटे तास खर्चून व्याख्याच हाती लागत असतील, तर दोन जोडून घेतल्याने एक तास वाचतोच. शाळेला नवा खर्च नाही, नवे पद नाही. वेळापत्रकात वर्षातून एकदा भूगोलाचे दोन तास शेजारी ठेवावेत, एवढेच मुख्याध्यापकांकडून अपेक्षित आहे.