पानं किती मांडायची?

थोरल्या भाचीच्या लग्नात वेबसाइटवरूनच आमंत्रण दिलं होतं. त्यात कार्यक्रमपत्रिका होती, कार्यालयाचा नकाशा होता आणि शेवटी 'येणार का? किती जण?' असा फॉर्म. वहिनी निर्धास्त होत्या. सीमांतपूजनाच्या रात्री 180 पानं सांगितली, जेवायला आले 115. दुसऱ्या दिवशी अक्षतांच्या वेळी मात्र उभं राहायला जागा नव्हती!

चूक पाहुण्यांची नव्हती, प्रश्नाची होती. 'चार जण' म्हणजे नेमके कोणत्या कार्यक्रमाला? शिवाय नागपूरच्या काकांनी स्वतःसकट चौघे कळवले आणि अमेरिकेतल्या त्यांच्या मुलानेही आईबाबांना धरून तेच चौघे पुन्हा भरले.

धाकटीच्या लग्नात फॉर्म बदलला. हळद, सीमांतपूजन, लग्न आणि स्वागत समारंभ, प्रत्येकापुढे वेगळा आकडा. येणाऱ्यांची नावंही मागितली, म्हणजे एकच नाव दोनदा आलं की लगेच दिसतं. उत्तराची शेवटची तारीख लग्नाआधी पंधरा दिवस ठेवली. त्यानंतर उत्तर न आलेल्या घरी वहिनींनी फोन केले आणि मगच आचाऱ्याला आकडा दिला. ज्या आत्याबाईंना फॉर्म जमत नाही, त्यांच्यासाठी खाली घरचा फोन नंबर होता. त्यांचा फॉर्म भाचा भरायचा.

तरी न कळवता येणारे असतातच. म्हणून दहा पानं जास्त सांगितली. या वेळी मोजून सातच उरली.