साखळीतला हात

प्रभादेवीच्या आमच्या चाळीमागील मोकळ्या जागेत, संध्याकाळची पाळी सुटल्याचा गिरणीचा भोंगा ऐकू येई त्या सुमारास, शाळेचा कबड्डीचा सराव चाले. तेथे केवळ हजेरीच्या धाकाने येणारा एक तोतरा मुलगा मला आजही स्पष्ट आठवतो. चढाईला जायचे म्हणजे तोंडाने अखंड दम घालायचा, आणि चारचौघांत बोलणेच ज्याला संकट वाटे, त्याने मध्यरेषा ओलांडावी तरी कशी?

आमच्या कर्णधाराने त्याला चढाईचा आग्रह केला नाही. स्वतः उजव्या कोपऱ्यात उभे राहून त्याने या मुलाला आपल्या शेजारी साखळीत घेतले आणि एवढेच सांगितले, "अरे, तू बोलू नकोस. माझा हात तेवढा सोडू नकोस." परंतु पहिल्याच दिवशी चढाईपटूचा हात खांद्याला लागताच त्याने भिऊन साखळी तोडली. कर्णधाराने त्याच क्षणी घोट्याला घातलेली पकड आधाराअभावी सुटली, चढाईपटू मध्यरेषेपार गेला आणि दोघेही बाद झाले. पोरांनी त्याच्यावर तोंडसुख घेतले. कर्णधार मात्र अंतिम रेषेमागे त्याच्या शेजारी जाऊन मुकाट बसला.

यापुढचे श्रेय मी खेळाच्या रचनेला देतो. चाळीतली पोरे गामिनी पद्धतीने खेळत. तिच्यात एकदा बाद झालेला गडी सगळा संघ संपेपर्यंत बाहेरच राही, आणि कच्चा मुलगा प्रथम बाद होत असल्यामुळे सर्वांत अधिक वेळ बसून राही. आमच्या शिक्षकांनी सरावात कटाक्षाने संजीवनी पद्धत ठेवली होती. तिच्यात प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होतो, आणि तोही बाद झाल्याच्या क्रमाने. जो आधी गेला तो आधी परततो. त्या पकडीत चढाईपटूचा स्पर्श प्रथम या मुलालाच झाला होता. साहजिकच आमच्या चढाईपटूने एक गडी मारताच परतण्याचा हक्क त्याचा ठरला. कर्णधार बाहेर बसून राहिला आणि ज्याला पळून जायचे होते, तोच त्याच्या जागेवर उजव्या कोपऱ्यात रुजू झाला. शेजाऱ्याने काही न बोलता हात पुढे केला, आणि त्याने तो घट्ट धरला.

त्या संध्याकाळी त्याच्याकडून एकही पकड झाली नाही. साखळी पुन्हा दोनदा तुटली, पुढच्या आठवड्यातही तुटली. प्रत्येक वेळी कर्णधाराने त्याला शेजारीच उभे केले. दिवाळीपर्यंत हात सुटणे थांबले, आणि हजेरीची सक्ती नसलेल्या रविवारीही तो आमच्याआधी येऊन चुन्याच्या रेषा आखू लागला. चढाईला मात्र तो त्या वर्षी गेला नाही, आणि कर्णधाराने त्याला पाठवलेही नाही.

शाळेत कबड्डी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: नवख्या मुलाला दम घालायला लावण्यापूर्वी काही महिने साखळीत उभे करा, आणि सरावाला संजीवनीच ठेवा.