तक्रार असावी, तकरार नसावी

'तकरार' हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. तेच ते पुन्हा पुन्हा बोलणे हा त्याचा एक अर्थ, आणि भांडण हा दुसरा. हाच शब्द मराठीत आला आणि 'तक्रार' झाला. मराठीत मात्र त्याचा अर्थ 'शिकायत' असा आहे. हा फरक लक्षात ठेवला, तर चांगले तक्रारपत्र कसे असावे ते कळते. त्यात तक्रार असावी, तकरार नसावी. म्हणजे भांडण नको आणि तेच ते पुन्हा सांगणेही नको.

आता पुष्कळ घरांत मोबाइलवरून वस्तू मागवतात. कधी कधी मागवलेली वस्तू एक असते आणि येते दुसरीच. मग रागाच्या भरात लिहिले जाते, "तुम्ही लोकांना फसवता! माझे पैसे ताबडतोब परत करा!" राग येणे साहजिक आहे. पण या दोन वाक्यांत काय मागवले, काय आले, केव्हा आले, यांपैकी काहीच नाही. पत्र वाचणारा माणूस बहुधा ती वस्तू बांधणारा नसतो. तो दूर कुठेतरी बसून दिवसभर अशी पत्रे वाचत असतो. आपल्या रागावरून त्याला आपली ऑर्डर शोधता येत नाही. तो उलट प्रश्न विचारतो आणि दिवस वाया जातात. म्हणून माझे मत असे आहे, की सभ्य पत्र हे दुबळे पत्र नव्हे. ज्या पत्रात हकिकत पूर्ण आहे, तेच पत्र जोरदार.

एक उदाहरण घेऊ. समजा, मालेगावच्या एका मुलीसाठी तिच्या अब्बांनी ३ जूनला शाळेचे काळे बूट मागवले. माप ५, किंमत ६४९ रुपये. ९ जूनला पार्सल आले. खोक्यावर ५ हाच आकडा होता, पण बूट पायांतून निसटू लागले. उलटून पाहिले, तर बुटाच्या तळाशी ७ हा आकडा कोरलेला! खोके बरोबर होते, आतला जोड चुकीचा होता. शाळा तर १६ जूनला सुरू होणार होती.

अशा वेळी आधी काय करावे? आधी आपलीच ऑर्डर पुन्हा पाहावी. मोबाइलमध्ये ऑर्डरचे पान उघडावे. तिथे माप ७ असे दिसले, तर चूक विक्रेत्याची नाही. मग तक्रार न करता बूट बदलून देण्याची विनंती करावी. माप ५ दिसले, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा. स्क्रीनशॉट म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर जे दिसते त्याचे जसेच्या तसे चित्र. त्यात ऑर्डर क्रमांक, तारीख, विक्रेत्याचे नाव, वस्तू, माप आणि किंमत हे सारे दिसले पाहिजे. काही जण वस्तूच्या जाहिरातीच्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्या पानावर सगळीच मापे असतात. आपण कोणते निवडले ते तिथे कळत नाही. शिवाय विक्रेता ते पान पुढे बदलूही शकतो.

पण लक्षात घ्या, स्क्रीनशॉट अर्धीच गोष्ट सिद्ध करतो. आपण काय मागवले ते त्यावरून कळते. काय आले ते कळत नाही. त्यासाठी आलेल्या वस्तूचे छायाचित्र हवे. आपल्या उदाहरणात नुसत्या खोक्याचे छायाचित्र पाठवले, तर ते आपल्याच विरुद्ध जाईल, कारण खोक्यावर ५ आहे. म्हणून पार्सलवर चिकटवलेला पत्त्याचा कागद, खोके आणि बुटाचा तळ ही तिन्ही एकाच चित्रात दिसावीत. तोपर्यंत तो कागद फेकू नये आणि बूट घालून बाहेर जाऊ नये. तळ मळलेला दिसला, तर बूट वापरले आहेत असे सांगून ते परत घेण्यास नकार मिळू शकतो.

आता पत्र पाहा. ऑर्डर अब्बांच्या नावावर आहे, म्हणून मुलीने लिहिले तरी पत्र त्यांच्या नावाने जाईल.

दिनांक : ९ जून २०२५
प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
विषय : चुकीच्या मापाचे बूट मिळाल्याबद्दल
संदर्भ : ऑर्डर क्रमांक ४०७१५८२

महोदय,
मी ३ जून रोजी आपल्याकडून शाळेचे काळे बूट, माप ५, किंमत ६४९ रुपये, मागवले होते. आज पार्सल मिळाले. खोक्यावर माप ५ आहे. परंतु आतील बुटांच्या तळाशी माप ७ आहे. ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि आलेल्या बुटांचे छायाचित्र सोबत जोडले आहे. बूट वापरलेले नाहीत.

माझ्या मुलीची शाळा १६ जूनला सुरू होत आहे. तरी कृपया १४ जूनपर्यंत माप ५ चे बूट बदलून द्यावेत. ते शक्य नसल्यास हे बूट परत नेऊन पूर्ण रक्कम परत करावी, ही विनंती.

आपला नम्र,
(ज्यांच्या नावावर ऑर्डर आहे त्यांचे नाव)

या पत्रात 'फसवणूक' हा शब्द नाही. तो मुद्दामच घातलेला नाही. जोड मुद्दाम बदलला की गडबडीत बदलला गेला, हे आपल्याला ठाऊक नाही. जे सिद्ध करता येत नाही ते लिहिले, की वाद त्यावरच सुरू होतो आणि बूट बाजूला राहतात. मात्र मागणी अगदी स्पष्ट आहे. नुसते 'योग्य ती कार्यवाही करावी' असे लिहिले, तर योग्य काय हे समोरचा ठरवतो.

असे पत्र म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे. २०२० साली भारत सरकारने ऑनलाइन व्यापाराचे नियम केले. त्यांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा. वस्तू जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तरीही महिनाभर निवांत बसू नका. वस्तू परत करण्याची मुदत अनेकदा सात किंवा दहा दिवसांचीच असते. ती ऑर्डरच्या पानावर लिहिलेली असते. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. तक्रार नेहमी ऑर्डरच्या पानावरूनच करा. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'ग्राहक सेवा' क्रमांक ठकाचाही असू शकतो. पैसे परत देण्यासाठी कोणी ओटीपी किंवा पिन मागितला, तर फोन बंद करा. पैसे परत मिळवण्यासाठी त्यांपैकी काहीच सांगावे लागत नाही.

घरात कोणाची वस्तू चुकीची आली, तर हे पत्र तुम्ही लिहून द्या. लिहून झाल्यावर एकदा मोठ्याने वाचा. रागाचे वाक्य आले असेल, तर ते खोडा. एकच गोष्ट दोनदा आली असेल, तर एक खोडा. मग जे उरेल, ती तक्रार.