गाडी नेमकी कुठल्या कवठ्यात?

संध्याकाळी गाडी लागते, पहिल्या घाण्याचा फोटो काढला जातो, इन्स्टाग्रामवर चढवताना ठिकाण विचारलं जातं आणि घाईत `Kavathe` एवढंच टाइप होतं. समोर जे पहिलं नाव दिसेल त्यावर बोट पडतं. पण कवठे नावाची गावं आपल्याकडे एक-दोन नाहीत. दसऱ्याच्या दारूकामासाठी प्रसिद्ध असलेलं कवठे एकंद शेजारच्याच तासगाव तालुक्यात आहे, वाई तालुक्यात किसन वीरांचं कवठे आहे, शिरूरकडे कवठे येमाई आहे. भेळ कवठे महांकाळची आणि पाटी दुसऱ्याच गावाची, असं झालं की तो फोटो कितीही देखणा असला तरी त्यातून एकही माणूस गाडीपर्यंत पोचत नाही.

म्हणून या महिन्यात एवढ्याच गोष्टीबद्दल लिहितो आहे: पोस्टवरचा लोकेशन टॅग आणि स्टोरीवरचं लोकेशन स्टिकर. आपले बरेच गाडीवाले दोन्ही एकच समजतात. माझ्या मते ती दोन वेगळी कामं आहेत. पोस्ट टिकते, म्हणून तिच्यावरचा टॅग गाडीच्या कायमच्या जागेचा असावा. स्टोरी चोवीस तासांत जाते, म्हणून तिच्यावरचं स्टिकर आज गाडी जिथे उभी आहे तिथलं असावं.

एक उदाहरण धरून चालू. समजा, कवठे महांकाळच्या एस.टी. स्टँडजवळ संध्याकाळी पाच ते दहा भडंग-भेळीची गाडी लागते आणि तिचं नाव आहे ‘महांकाली भेळ’. गावची देवी महांकाली, त्यामुळे या नावाची दुकानं आणखीही असणारच. नुसतं `Mahankali Bhel` पुरणार नाही. गाडीच्या फलकावर आणि मोबाइलवर अक्षर न् अक्षर सारखं असं एकच नाव ठरवायचं, उदाहरणार्थ `Mahankali Bhadang Bhel`. नावाला ‘बेस्ट’, ‘नंबर वन’ अशी शेपटं लावू नयेत. गिऱ्हाईक ती कधीच टाइप करत नाही.

आता हे नाव इन्स्टाग्रामच्या ठिकाणांच्या यादीत येणार कसं? तिथे थेट नवीन ठिकाण टाकण्याची सोय मिळत नाही. यादी मेटाकडची आहे आणि तिच्यात शिरायचा सरळ मार्ग फेसबुक पेजमधून जातो. गाडीच्या नावाने पेज काढायचं, प्रकार खाद्यपदार्थांच्या स्टॉलचा निवडायचा आणि पत्ता पूर्ण भरायचा. शहर म्हणून सांगली नव्हे, कवठे महांकाळ निवडायचं. पिन कोड 416405. सांगली इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे, आणि शहर चुकलं की ठिकाणाची खूण तिकडे जाऊन बसते. पत्ता भरल्यावर नकाशा उघडतो. त्यावरची खूण बोटाने सरकवून बरोबर गाडीच्या जागी आणायची. हे काम घरी बसून करू नये. गाडीपाशी उभं राहून करावं. नाव यादीत दिसायला काही वेळ जातो, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी ते सापडलं नाही म्हणून दुसरं पेज काढू नये. एकाच गाडीची दोन ठिकाणं झाली की फोटो दोन्हीकडे विभागले जातात आणि दोन्ही पानं ओस दिसतात.

ज्यांच्या गाड्या मोठ्या रस्त्याला आहेत त्यांनी आणखी एक बघावं. तालुक्यातून रत्नागिरी–नागपूर महामार्ग जातो, इथे तो राष्ट्रीय महामार्ग 166. मधे दुभाजक असलेल्या रस्त्यावर खूण दहा-बारा मीटर सरकली तरी ती पलीकडच्या बाजूला पडते. पंढरपूरहून परतणारी गाडी मग आपल्यासमोरून निघून जाते आणि पुढच्या वळणावरून मागे यायचा कंटाळा करते. आपल्या दुकानाचं नुकसान झालं हे आपल्याला कळतही नाही.

गावाचा टॅग मग वापरायचाच नाही का? वापरावा, पण त्याचं काम ओळखून. गावाचं नाव दाबलं की त्या गावातून टाकलेले फोटो एका पानावर दिसतात. सांगलीच्या पानावर तुमचा फोटो बघता बघता खाली जाईल. कवठे महांकाळच्या पानावर गर्दी कमी, तिथे तो जास्त वेळ वर राहतो. आज काय खावं म्हणून ते पान चाळणारा कॉलेजचा मुलगा गावातलाच असतो, त्याला रस्ता सांगावा लागत नाही. म्हणून गाडी नवी असताना काही पोस्ट गावाच्या टॅगने टाकाव्यात आणि मजकुरात खूण लिहावी: स्टँडच्या कोणत्या अंगाला, कशासमोर. गावाचं नावही रोमनमध्ये तऱ्हेतऱ्हेने लिहिलं जातं, `Kavathe`, `Kavthe`, `Kawathe`. प्रत्येक नाव दाबून बघावं आणि ज्या पानावर या आठवड्याचे ताजे फोटो दिसतील तेच धरून ठेवावं.

स्टिकरचं खरं मोल गाडी हलते तेव्हा कळतं. चैत्रात आरेवाडीला बिरोबाची यात्रा भरते आणि तालुक्यातल्या कितीतरी गाड्या तिकडे जातात. अशा वेळी पेजवरचा पत्ता बदलायचा मोह होतो. तो टाळावा, कारण परत आल्यावर तो पूर्ववत करायचा राहून जातो आणि नेहमीचं गिऱ्हाईक रिकाम्या जागी पोचतं. त्या दिवशी फक्त स्टोरी टाकावी, तिच्यावर आरेवाडीचं स्टिकर लावावं आणि ‘आज इथे, रात्री दहापर्यंत’ असं लिहावं. दुसऱ्या दिवशी ती आपोआप जाते. आजारपणाने गाडी बंद असेल तेव्हाही स्टोरीच टाकावी.

खातं मात्र सार्वजनिक हवं. खाजगी खात्यावरून लावलेला टॅग अनोळखी माणसाला दिसतच नाही. ज्या भगिनी घरी पीठ-मसाला तयार करून गाडीवर विकतात त्यांनी खूण घरावर टाकू नये, गाडीच्या जागेवरच टाकावी.

आपल्या पोस्टपेक्षा गिऱ्हाइकाने टाकलेल्या फोटोला जास्त वजन असतं, पण गिऱ्हाईक हमखास चुकीचं ठिकाण निवडतं. यावर उपाय कागदाचाच आहे. तळहाताएवढं छापील स्टिकर, पावसात भिजणार नाही असं, पैसे द्यायच्या क्यूआर कोडशेजारी लावावं: ‘फोटो टाकताना हे ठिकाण निवडा’ आणि खाली ठरवलेलं नाव, जसंच्या तसं. प्लेट हातात येईपर्यंत गिऱ्हाईक तिथेच उभं असतं आणि नजर तिथेच असते.

उपयोग होतोय का हे दोन ठिकाणी दिसतं. खातं व्यवसायाचं केलं असेल तर प्रत्येक स्टोरीखाली स्टिकर किती जणांनी दाबलं ते कळतं. पण दाबणारा येतोच असं नाही. म्हणून गल्ल्याजवळ एक वही ठेवा आणि नव्या चेहऱ्याला विचारा, ‘कुठून कळलं, दादा?’ महिनाभर रेघा मारा. आकडा चांगला आणि वही कोरी असेल, तर बहुतेक वेळा खूण चुकलेली असते. ओळखीच्या एखाद्याला त्याच्या मोबाइलवर तुमचा टॅग दाबून स्टँडवरून चालत यायला सांगा. तो गाडीसमोर येऊन थांबला नाही, तर त्याच संध्याकाळी खूण सरकवून घ्या.