आयफोनवाल्यांनाच नोटीस का येत नाही?

"तुमची ती साइट माझ्या मोबाइलवर मुकी का गं?" असं माझ्या रूममेटने मागच्या सेमिस्टरला विचारलं, तेव्हा मी चक्क हसले होते. म्हटलं, हौसेने आयफोन घेतलास ना, मग भोग! चार दिवसांनी तिच्या बॅचची ओरल दुपारी दोनऐवजी सकाळी दहाला ठेवली. आम्ही दोघींनी बनवलेल्या नोटीसच्या साइटवरून अ‍ॅन्ड्रॉइडवाल्यांना टिंग झालं, ही मात्र मेसमध्ये निवांत पोहे खात होती. धावतपळत गेली, एक्स्टर्नलनी तिला शेवटी घेतलं, वाचली. माझं हसणं मात्र बंद झालं.

मुळात साइट थेट तुमच्या मोबाइलला निरोप पाठवू शकत नाही. मध्ये ब्राउझरच्या कंपनीचं पोस्ट ऑफिस असतं. अ‍ॅन्ड्रॉइडवरच्या क्रोमसाठी गूगलचं, आयफोनसाठी अ‍ॅपलचं. तुम्ही परवानगी दिलीत की ब्राउझर आमच्या सर्व्हरला त्या पोस्टातला फक्त तुमचा असा एक पत्ता देतो, आणि मजकूर कुलूपबंद करायला लागणाऱ्या किल्ल्याही. हेच सबस्क्रिप्शन. आता हा पत्ता कुणी चोरला आणि भलतीच पत्रं टाकायला लागला तर? त्यासाठी व्हॅपिड. सर्व्हरकडे किल्ल्यांची एक जोडी असते. त्यातली पब्लिक की सबस्क्राइब करतानाच ब्राउझरला द्यायची. प्रायव्हेट की लपवून ठेवायची, आणि तिने सही केलेलं, जास्तीत जास्त २४ तास चालणारं ओळखपत्र प्रत्येक निरोपासोबत जोडायचं. सही जुळली नाही की पोस्ट पत्र घेत नाही.

मला पहिला संशय या किल्ल्यांचाच आला, कारण नवी जोडी बनवली की जुनी सगळी सबस्क्रिप्शन्स निकामी होतात. पण मग अ‍ॅन्ड्रॉइडवाल्यांचीही बोंब झाली असती. शेवटी डेटाबेस उघडून पत्ते वाचले. अ‍ॅपलचे पत्ते `https://web.push.apple.com` ने सुरू होतात. असा एकही नव्हता! म्हणजे पत्र हरवलं नव्हतं, आयफोनवालं कुणी कधी सबस्क्राइबच झालं नव्हतं. चूक माझ्याच कोडमध्ये सापडली:

```js
if ('PushManager' in window) {
  button.hidden = false;
}
```

आयफोनवर सफारीच्या साध्या टॅबमध्ये `PushManager` नसतोच. त्यामुळे बटण लपलेलं राहिलं, एररही नाही. मार्च २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १६.४ पासून आयफोनवर वेब पुश चालतं, पण साइट होम स्क्रीनवर टाकून त्या आयकॉनवरून उघडली तरच. आयफोनवर क्रोम वापरलं तरी नियम तोच.

आता माझं मत. ही अट निव्वळ आडमुठेपणा आहे असं आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. कुठल्याही बातम्यांच्या साइटवर पाऊल ठेवताच "नोटिफिकेशन पाठवू का?" म्हणून अंगावर येणारी ती खिडकी आठवा. आयकॉन स्वतःच्या हाताने ठेवणाऱ्याला ती साइट खरंच हवी असते. शिवाय मग साइट सेटिंग्जमध्ये इतर अ‍ॅप्ससारखी दिसते, नको झाली की आयकॉन काढून टाका.

पण दोन गोष्टी खटकतात. मॅकवरच्या सफारीत २०२२ पासून वेब पुश आहे, तिथे असं काही टाकावं लागत नाही. म्हणजे ही तांत्रिक अडचण नव्हे, ठरवून घातलेली अट आहे. आणि अट घातलीच, तर ती पाळायचा रस्ता तरी दाखवा! अ‍ॅन्ड्रॉइडवर क्रोममध्ये साइटला स्वतःचं "इन्स्टॉल करा" बटण ठेवता येतं. आयफोनवर तशी सोय नाही. Share दाबा, खाली सरकवा, Add to Home Screen शोधा. हे आपलं आपल्याला सुचणार कसं?

म्हणून ते सांगणं साइट बनवणाऱ्याचं काम आहे, आणि ते मी टाळलं होतं. आता आयफोनच्या टॅबमध्ये बटणाच्या जागी या तीन पायऱ्या चित्रांसह दिसतात. मॅनिफेस्टमध्ये `"display": "standalone"` टाकलं. परवानगी बटणावर बोट टेकवल्यावरच मागते, कारण पान उघडताच मागितली तर आयफोन ती खिडकी दाखवत नाही. एक फटका नंतर बसला. होम स्क्रीनवरच्या साइटचा साठा सफारीपासून वेगळा असतो, त्यामुळे तिथे पुन्हा लॉगिन करावं लागू शकतं. आमच्या दोन मुली तिथेच कंटाळून परत गेल्या होत्या. तीही ओळ पायऱ्यांखाली घातली.

सध्या डेटाबेसमध्ये अ‍ॅपलचे अकरा पत्ते आहेत. पहिला माझ्या रूममेटचा. तिने तो माझ्यासमोर बसून, मला एकही बटण दाबू न देता टाकला.