आगीची परीक्षा जिन्यात होते, कागदावर नाही

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. १९४४ मध्ये याच दिवशी मुंबई गोदीत जहाजाचा स्फोट झाला आणि आगीशी झुंजताना अग्निशमन दलाच्या जवानांनी प्राण गमावले, त्याची ही आठवण. या आठवड्यात अनेक गृहनिर्माण सोसायट्या स्वयंसेवकांसाठी प्रश्नमंजूषा ठेवतात. कोल्हापुरात ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना शहराने पाहिले. तेव्हापासून आगीचा विषय इथे कुणालाच परका राहिलेला नाही.

अडचण प्रश्नांची आहे. अग्निशमन दलाचा क्रमांक कोणता, आगीचे प्रकार किती, कोणत्या सिलिंडरमध्ये कोणती पावडर असते, असे प्रश्न विचारले जातात. वीसपैकी अठरा गुण मिळतात, टाळ्या वाजतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागते. पण पहाटे अडीच वाजता वीज गेलेल्या, धुराने भरलेल्या जिन्यात यातले एकही उत्तर उपयोगी पडत नाही. तिथे एकच प्रश्न असतो, जायचे की थांबायचे? प्रश्नमंजूषा बेतायची तर याच प्रश्नाभोवती बेतली पाहिजे.

मुंबईत गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ ला पहाटे लागलेली आग यासाठी डोळ्यांसमोर ठेवावी. आग पेटली ती खाली, पार्किंगच्या जागेत साठवलेल्या कापडाला आणि उभ्या वाहनांना. सात जण गेले, चाळीसहून अधिक जखमी झाले. अनेकांना ज्वाळा शिवल्याही नाहीत, त्यांना धुराने गाठले. खाली पार्किंग, जिन्याखाली वीज मीटरच्या पेट्या आणि वर जायला एकच जिना, अशी रचना कोल्हापुरातही राजारामपुरीपासून रुईकर कॉलनीपर्यंत सर्रास आढळते. अशा इमारतीत खाली आग लागली की जिना हा रस्ता राहत नाही. तो धुराडे होतो.

समजा, अशाच एका पाच मजली इमारतीत वीस बिऱ्हाडे आहेत. स्वयंसेवकांसमोर पहिला प्रसंग असा ठेवावा: ‘रात्रीचे अडीच वाजले आहेत. खालून आरडाओरडा ऐकू येतो. तुम्ही चौथ्या मजल्यावर आहात, घरात आई, पत्नी आणि दोन मुले आहेत. पहिली कृती कोणती?’ बहुतेक जण लिहितील, ‘सगळ्यांना घेऊन जिन्याने खाली पळायचे.’ हे उत्तर अर्धेच बरोबर आहे, आणि अशा वेळी अर्धे उत्तर जीवघेणे ठरू शकते. आधी दार बंद असतानाच हाताची मागची बाजू दाराला आणि कडीला लावून पाहायची. गरम लागले तर दार उघडायचे नाही. गार असेल तर बोटभर फट करून जिन्यात पाहायचे. जिना स्वच्छ असेल तर लगेच निघायचे, लिफ्टला हात लावायचा नाही आणि जाताना मागे दार ओढून घ्यायचे. जिन्यात काळा धूर असेल तर दार पुन्हा लावायचे आणि आत थांबायचे. दाराच्या फटीत ओली चादर किंवा टॉवेल कोंबायचा, धुरापासून सर्वांत दूरच्या, रस्त्याकडच्या खोलीत जाऊन त्या खोलीचेही दार लावायचे, १०१ किंवा ११२ ला फोन करून मजला आणि फ्लॅट क्रमांक सांगायचा आणि खिडकीतून कापड किंवा टॉर्च हलवत राहायचे.

थांबण्याचा हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. सोफ्यातील फोम, नायलॉनचे पडदे असे सामान जळते तेव्हा त्यात हायड्रोजन सायनाइडचीही भर पडते. दाट धुरात काही श्वास घेतल्यावर माणसाचा गोंधळ उडतो, पायांतले बळ जाते आणि दोन मजले उतरण्याआधीच तो जिन्यात कोसळू शकतो. बंद लाकडी दार मात्र काही काळ धूर अडवते, आणि बंब पोहोचेपर्यंत तोच वेळ कामी येतो.

थांबण्यालाही मर्यादा आहे. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ मध्ये रहिवाशांना घरातच थांबायला सांगितले गेले. बाहेरच्या आवरणाने पेट घेतल्यामुळे आग भिंतीवरून सगळ्या मजल्यांवर पसरली आणि ७२ जण दगावले. म्हणून ‘नेहमी थांबा’ किंवा ‘नेहमी पळा’ असे पाठ उत्तर चालत नाही. घरातच आग असेल, किंवा आग खिडकीबाहेरून वर चढताना दिसत असेल, तर जिन्याने जाण्यासारखी स्थिती असेपर्यंत बाहेर पडणेच योग्य. उत्तर ठरते ते दारापलीकडे काय आहे यावर. प्रश्नाने तपासायचे तेही हेच, की स्वयंसेवक आधी पाहतो का आणि मग ठरवतो का.

ओल्या फडक्याचा उल्लेख इथे येणारच. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये आग लागली, तेव्हा दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेत शिकलेले आठवून शेजाऱ्यांना ओले सुती कापड नाकातोंडाला धरायला लावले होते. ओले कापड काजळी अडवते, खोकला थोडा कमी करते, माणसाला सावरायला मदत होते. पण कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ आरपार जातो. म्हणून थांबलेल्या खोलीत किंवा विरळ धुरातून वाकून जाताना ते वापरावे. त्याच्या भरवशावर काळ्या धुरात शिरू नये. ‘ओला रुमाल बांधला, आता जिना उतरता येईल का?’ हा प्रश्न प्रश्नमंजूषेत हवाच. त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

दुसरा प्रसंग गच्चीचा. ‘जिन्यात खालून धूर येतो आहे, पाचव्या मजल्यावरची माणसे वर पळाली आहेत. पुढे काय होईल?’ हा प्रश्न कागदावर सुटत नाही. गच्चीच्या दाराला कुलूप आहे का, किल्ली कुणाकडे आहे, तो माणूस रात्री इमारतीत असतो का, हे जाऊन पाहावे लागते. धूर वर चढतो आणि बंद गच्चीच्या दाराशी आधी साठतो. तिथे पोहोचलेली माणसे धुराच्या सर्वांत दाट थरात सापडतात. म्हणून धूर दिसल्यावर वर पळणे हा भरवशाचा मार्ग नाही. तरीही गच्चीचे दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. बाल्कनीच्या लोखंडी जाळीचेही तेच. चोरांसाठी बसवलेली जाळी आतून उघडत नसेल, तर अग्निशमन दलाची शिडी खिडकीशी येऊनही माणूस आतच अडकतो.

तिसरा प्रसंग माणसांचा. ‘तिसऱ्या मजल्यावर गुडघ्यांमुळे जिना उतरू न शकणाऱ्या आजी एकट्या राहतात. धूर अजून जिन्यात आलेला नाही. त्यांना कसे आणाल?’ इथे ‘मदत करू’ या उत्तराला गुण देऊ नयेत. कोण जाणार, हे नावानिशी लिहिले पाहिजे. पक्क्या, बिनचाकांच्या खुर्चीत बसवून दोघांनी उतरवायचे, एकाने पाठीकडून आणि एकाने पायांकडून, आजींचे तोंड जिन्याच्या उताराकडे ठेवून. हे प्रत्यक्ष करून पाहिले की कळते, जिन्याच्या वळणावर ठेवलेले चपलांचे कपाट आणि सायकल यांमुळे खुर्ची वळतच नाही. जिन्यात धूर आधीच आला असेल तर आजींना हलवायचे नाही. दार लावून रस्त्याकडच्या खोलीत बसवायचे आणि त्या कुठे आहेत हे बंबाच्या जवानांना फाटकाशीच सांगायचे.

चौथा प्रसंग आग विझल्यानंतरचा, आणि डॉक्टरांच्या दृष्टीने सर्वांत फसवा. ‘धुरातून बाहेर आलेला तरुण म्हणतो, मला काही झालेले नाही. थोडे डोके दुखते, मळमळते. शेजाऱ्याने बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९८ दाखवतो. त्याला घरी पाठवाल का?’ करोनाच्या काळापासून घराघरांत आलेले हे यंत्र ऑक्सिजन चिकटलेले आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखत नाही. आकडा चांगला दिसतो आणि आतून पेशी गुदमरत असतात. अशा माणसाला मोकळ्या हवेत बसवून १०८ ला फोन करायचा आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचे. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. नाकपुड्यांत काजळी, घोगरा झालेला आवाज, चेहऱ्यावर भाजल्याच्या खुणा दिसल्या तर घाई आणखी करायची, कारण श्वासमार्ग पुढच्या काही तासांत सुजून बंद होऊ शकतो. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे साधे पाणी सोडायचे. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांतले काहीही लावायचे नाही.

आता गुणांचे. अशा परीक्षेत बेरीज करणे चूक आहे. वीसपैकी अठरा उत्तरे बरोबर, पण चुकलेली दोन ‘लिफ्टने उतरू’ आणि ‘धूर असला तरी धावत जाऊ’ ही असतील, तर तो स्वयंसेवक उत्तीर्ण नाही. तो इतरांनाही धुरात घेऊन जाईल. जिवावर बेतणाऱ्या चार-पाच प्रश्नांवर खूण करावी आणि ते सगळे बरोबर आल्याशिवाय कुणाला उत्तीर्ण करू नये. पावडरच्या सिलिंडरचा प्रश्नही असाच विचारावा. सहा किलोचा सिलिंडर साधारण पंधरा-वीस सेकंदच चालतो. तेव्हा आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल आणि बाहेर पडायची वाट पाठीमागे मोकळी असेल तरच तो हाती घ्यायचा. नाहीतर दार ओढून बाहेर पडायचे.

उत्तरपत्रिका तपासून झाल्या की त्या फेकू नयेत. गच्चीची किल्ली कुठे हे वीसपैकी पंधरा जणांना ठाऊक नसेल, तर ती चूक त्या पंधरा जणांची नाही, इमारतीची आहे. जिन्याखालची मीटर पेटी, तिच्याशेजारी रचलेली रद्दी, फाटकात आडव्या लावलेल्या मोटारी यांची नोंद याच उत्तरांतून तयार होते. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार तो लागू असलेल्या इमारतींनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आपली यंत्रणा चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र द्यायचे असते. सचिवांनी ते काढावेच. पण पंप चालतो हे सांगणारा कागद गच्चीचे कुलूप उघडत नाही. ते काम प्रश्नमंजूषेनंतरच्या रविवारी, सकाळच्या तासाभरात, किल्ली आणि टॉर्च हातात घेऊन करायचे आहे.